भूजल पातळी वाढली की जमिनीच्या आत काय बदलतं: प्रभावी ताणाचं गणित पायरीपायरीने

जमिनीखालच्या एखाद्या बिंदूवर वरच्या मातीचं आणि त्या मातीतल्या पाण्याचं मिळून वजन येतं. हा झाला एकूण ताण, म्हणजे टोटल स्ट्रेस. मातीच्या कणांमधली पोकळी पाण्याने भरलेली असेल तर ते पाणीही सगळ्या बाजूंनी दाब देतं. त्याला छिद्रजल दाब म्हणू. साइटवर त्याला पोअर प्रेशर म्हणतात. एकूण ताणातला काही भाग हे पाणी पेलतं आणि उरलेला भाग कण एकमेकांवर टेकून पेलतात. हा उरलेला भाग म्हणजे प्रभावी ताण, इफेक्टिव्ह स्ट्रेस.

```
σ' = σ − u
```

इथे σ हा एकूण ताण, u हा छिद्रजल दाब आणि σ' हा प्रभावी ताण. कार्ल तेरझागी यांनी १९२० च्या दशकात मातीच्या दृढीकरणावर काम करताना हा विचार वापरला आणि १९३६ मध्ये हार्वर्डला भरलेल्या मृदायांत्रिकीच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो तत्त्व म्हणून मांडला. तत्त्वाचा खरा आशय वजाबाकीच्या पुढचा आहे. माती किती दबेल आणि घसरण्याला किती विरोध करेल, हे दोन्ही एकूण ताणावर ठरत नाही, प्रभावी ताणावर ठरतं. पाण्याला घर्षण नसतं. घर्षण असतं ते कणाकणांत, आणि कण एकमेकांवर जितके जोरात दाबलेले तितकं ते जास्त.

भूजल पातळी वर येते तेव्हा जमिनीवर कुणी नवं ओझं ठेवलेलं नसतं, तरी माती कमजोर होते. हे कसं घडतं ते आकड्यांतूनच नीट कळतं, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू.

पायरी १: छेद काढा आणि आकडे लिहा

जाड, एकसारख्या वाळूचा थर घ्या. जमिनीपासून ८ मीटर खोलीवरचा बिंदू 'अ' आपल्याला तपासायचा आहे. सुरुवातीला पाणी ५ मीटर खोलीवर आहे. पाण्याच्या पातळीच्या वरची वाळू ओलसर आहे, तिचा एकक भार १७ किलोन्यूटन प्रति घनमीटर. पातळीखालची वाळू पूर्ण संपृक्त आहे, तिचा एकक भार २०. पाण्याचा एकक भार ९.८१.

हे कागदावर खरोखर काढा: एक उभी रेघ, तिच्यावर जमीन, पाण्याची पातळी आणि बिंदू, आणि प्रत्येक पट्ट्याची जाडी व भार. या गणितात होणाऱ्या बहुतेक चुका छेद न काढल्यामुळे होतात, सूत्र न कळल्यामुळे नाही.

पायरी २: एकूण ताण

प्रत्येक पट्ट्याची जाडी गुणिले त्याचा एकक भार, आणि सगळ्यांची बेरीज. पाण्याच्या पातळीच्या वर ओलसर भार वापरायचा, खाली संपृक्त.

```
σ = ५ × १७ + ३ × २० = १४५ किलोपास्कल
```

पायरी ३: छिद्रजल दाब

पाणी स्थिर असेल तर दाब म्हणजे पाण्याच्या पातळीपासून बिंदूपर्यंतची खोली गुणिले ९.८१. ही खोली जमिनीपासून मोजायची नाही. बिंदू ८ मीटरवर आणि पाणी ५ मीटरवर, म्हणून पाण्याचा स्तंभ ३ मीटर.

```
u = ३ × ९.८१ = २९.४३ किलोपास्कल
```

पायरी ४: वजाबाकी

```
σ' = १४५ − २९.४३ = ११५.५७ किलोपास्कल
```

पायरी ५: पाणी वर आणा आणि सगळं पुन्हा मोजा

आता पाणी १ मीटर खोलीपर्यंत चढलं असं धरा. नवशिके इथे फक्त u बदलतात आणि जुनाच एकूण ताण वापरतात. तसं करू नका. ज्या ४ मीटरच्या पट्ट्यात पाणी शिरलं, तिथल्या पोकळीतली हवा जाऊन पाणी आलं, म्हणजे तो पट्टाही जड झाला. एकूण ताण वाढतोच.

```
σ  = १ × १७ + ७ × २० = १५७
u  = ७ × ९.८१ = ६८.६७
σ' = १५७ − ६८.६७ = ८८.३३ किलोपास्कल
```

एकूण ताण १२ ने वाढला, छिद्रजल दाब ३९.२४ ने वाढला, आणि प्रभावी ताण २७.२४ ने घटला. वरचं वजन वाढूनही कणांमधली पकड सैल झाली, कारण पाण्याचा दाब वजनापेक्षा कितीतरी वेगाने वाढला.

या गणितातून उत्तर तपासायचा एक सोपा आडाखाही मिळतो. पाणी १ मीटर चढलं की एकूण ताण २० वजा १७, म्हणजे ३ ने वाढतो आणि छिद्रजल दाब ९.८१ ने. म्हणून प्रभावी ताण दर मीटरला ६.८१ ने घटतो, आणि चार मीटरला २७.२४. वरच्या उत्तराशी हे जुळलं नाही तर कुठेतरी पट्टा चुकीचा घेतला आहे. शिवाय २० आणि १७ मधला हा ३ चा फरक ९.८१ ने भागला तर सुमारे ०.३१ येतो. ओलसर वाळूत हवेने व्यापलेली जागा आकारमानाच्या ३१ टक्के होती, असा त्याचा अर्थ. कुणी संपृक्त भार २१ आणि ओलसर भार १५ दिला तर हाच आकडा ०.६१ येईल. एवढी हवा कुठल्याही सर्वसाधारण वाळूत मावत नाही, तेव्हा दोनपैकी एक भार चुकलेला आहे. पोकळीतली हवा मातीच्या आकारमानाहून कमीच असणार, त्यामुळे भारांतला फरक ९.८१ च्या आतच राहतो. म्हणून पाणी जमिनीच्या आत चढतं तेव्हा त्याखालच्या बिंदूवर प्रभावी ताण घटतोच.

घटलेल्या ताणाचा ताकदीवर परिणाम

वाळूची कर्तन ताकद, म्हणजे घसरण्याला होणारा तिचा विरोध, ही प्रभावी ताण गुणिले घर्षण कोनाचा टॅन्जंट एवढी असते. घर्षण कोन ३२ अंश धरला तर टॅन्जंट सुमारे ०.६२५. बिंदू 'अ' मधून जाणाऱ्या आडव्या प्रतलावर पाणी खाली असताना ताकद ११५.५७ गुणिले ०.६२५, म्हणजे ७२.२ किलोपास्कल होती. पाणी वर आल्यावर ती ५५.२ झाली. जवळजवळ एक चतुर्थांश ताकद गेली. कोन तोच, कण तेच, कणांची रचनाही तीच. बदलली ती फक्त पाण्याची पातळी.

उथळ बिंदूवर फटका प्रमाणाने मोठा असतो. २ मीटर खोलीवर पाणी खूप खाली असताना प्रभावी ताण ३४ असतो. पाणी जमिनीपर्यंत आलं तर तो ४० वजा १९.६२, म्हणजे २०.३८ होतो. चाळीस टक्के घट. पायाची पट्टी बहुधा अशाच उथळ खोलीवर असते. म्हणून वाळूवरच्या पायाची धारणक्षमता ठरवताना कोरड्या दिवसात दिसलेली पातळी घेऊन चालत नाही, इमारतीच्या आयुष्यात येऊ शकणारी सगळ्यात वरची पातळी घ्यावी लागते.

पाणी जमिनीच्याही वर गेलं तर

हा प्रश्न प्रत्येकाने एकदा स्वतः सोडवावा, कारण त्यातून तत्त्व पक्कं होतं. आधी पाणी नेमकं जमिनीच्या पातळीवर घ्या. σ = ८ × २० = १६०, u = ७८.४८, σ' = ८१.५२. आता जमिनीवर आणखी २ मीटर पाणी साचू द्या. एकूण ताणात २ × ९.८१, म्हणजे १९.६२ ची भर पडते आणि तो १७९.६२ होतो. पाण्याचा स्तंभ आता १० मीटरचा, म्हणून u = ९८.१०. वजाबाकी केली तर उत्तर पुन्हा ८१.५२.

जमिनीवर २ मीटर पाणी उभं आहे, म्हणजे दर चौरस मीटरवर जवळजवळ दोन टनांचं ओझं, आणि तरी कणांना त्याची दखलही नाही. तेच वजन शिशाच्या गोळ्या पसरून दिलं असतं तर प्रभावी ताण तेवढ्याने वाढला असता आणि वाळू दबली असती. गोळ्यांचं ओझं कणांवर येतं. उभ्या पाण्याचं ओझं मात्र पोकळीतल्या पाण्याच्या दाबात जसंच्या तसं उतरतं आणि वजाबाकीत निघून जातं. पाणी जमिनीखाली चढताना ताण घटतो आणि जमिनीवर चढताना तसाच राहतो, या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका.

एकाच पाण्याची दोनदा वजाबाकी

बुडीत भाराचा शॉर्टकट पुष्कळ जण वापरतात: पातळीखाली २० ऐवजी २० वजा ९.८१, म्हणजे १०.१९ घ्यायचे आणि थेट प्रभावी ताण काढायचा. आपल्या दुसऱ्या स्थितीत १ × १७ + ७ × १०.१९ = ८८.३३, उत्तर बरोबर. अडचण पुढे होते. १०.१९ वापरून झाल्यावरही सवयीने u वजा केला जातो आणि उत्तर १९.६६ येतं. एवढा लहान आकडा दिसला की आधी हीच चूक तपासावी. शॉर्टकटला आणखी एक मर्यादा आहे: तो फक्त स्थिर पाण्याला लागू पडतो. पाणी वरच्या दिशेने झिरपत असेल, उदाहरणार्थ खालच्या थरात दाबाखालचं पाणी असेल, तर u हा स्थिर पाण्यापेक्षा जास्त असतो आणि शॉर्टकट ताण फुगवून दाखवतो. सुरुवातीला σ, u आणि σ' हे तीन वेगळे रकाने ठेवून मोजणं अधिक सुरक्षित.

चिकणमातीत हिशोब तोच, वेळ वेगळा

वाळूत पाणी सहज फिरतं, त्यामुळे पातळी चढली की u जवळजवळ लगेच बदलतो. आता त्याच वाळूखाली संपृक्त चिकणमातीचा जाड थर आहे असं समजा, आणि वाळूतलं पाणी ५ मीटरवरून १ मीटरवर झटपट चढलं. चिकणमातीच्या मध्यावर एकूण ताण लगेच १२ ने वाढतो, कारण वरचं वजन खरोखर वाढलेलं आहे. पण चिकणमातीतून पाणी इतकं हळू जातं की सुरुवातीला तिच्या आतलं पाणीच हे १२ पेलतं. u सुद्धा १२ ने वाढतो आणि प्रभावी ताण पहिल्या दिवशी होता तितकाच राहतो. मग वरून दाब आत झिरपत जातो, u हळूहळू पूर्ण ३९.२४ ची वाढ गाठतो, आणि प्रभावी ताण २७.२४ ने घटतो. थर जाड असेल तर याला महिने किंवा वर्षं लागतात.

म्हणूनच चिकणमातीतला उतार पाणी चढलं त्या आठवड्यात उभा राहिला, तेवढ्यावरून तो सुरक्षित ठरत नाही. त्याची ताकद अजून कमी व्हायची आहे.

बारीक मातीत दुसरा एक फरक पडतो. पातळीच्या वरही केशाकर्षणाने पाणी धरलेलं असतं, आणि गाळमाती किंवा चिकणमाती त्या पट्ट्यात जवळजवळ संपृक्तच असते. अशा ठिकाणी पातळी चढल्यावर वजनात भर पडतच नाही, कारण पोकळी आधीच भरलेली होती. एकूण ताण तसाच राहतो आणि प्रभावी ताण दर मीटरला ६.८१ नव्हे, पूर्ण ९.८१ ने घटतो. या पट्ट्यातला छिद्रजल दाब ऋण असतो, म्हणजे पाणी कणांना एकमेकांकडे ओढतं. खणलेल्या ओल्या मातीची भिंत काही काळ सरळ उभी राहते ती या ओढीमुळे. पाणी चढलं की ओढ संपते आणि भिंत ढासळते.

इथेच या साध्या गणिताची एक मर्यादा सांगायला हवी. प्रभावी ताण घटला की माती किंचित फुगायला हवी, आणि घट्ट मातीत तसंच होतं. पण सैल टाकलेला, कोरडा राहिलेला भराव पहिल्यांदा भिजला तर तो फुगण्याऐवजी खचतो. त्याचे कण त्या ओढीच्या जोरावर सैल रचनेत टिकून होते. ओढ गेली की रचना कोसळते. अर्धवट ओल्या मातीचं हे वागणं σ' = σ − u एवढ्यातून कळत नाही, त्यासाठी मातीचा नमुना भिजवून चाचणी करावी लागते.

पातळीचा आकडा आणायचा कुठून

सगळं गणित u वर उभं आहे, तेव्हा पाण्याची पातळी अंदाजाने घेऊ नये. बोअरहोल खणून संध्याकाळी आत दिसलेलं पाणी ही भूजल पातळी असेलच असं नाही. खणताना पाणी किंवा बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचं द्रावण वापरलं असेल तर ती खणणाऱ्यांनी ओतलेल्या पाण्याची पातळी असते. वाळूत थोड्या वेळात पाणी आपली जागा घेतं, चिकणमातीत अनेक दिवस लागू शकतात.

साधा स्टँडपाइप पिझोमीटर असा बसवतात: नळीच्या खालच्या टोकाला सच्छिद्र तुकडा, तो ज्या थरातला दाब हवा त्या थरात ठेवायचा, त्याभोवती स्वच्छ वाळू भरायची आणि वर बेंटोनाइटचा बूच घालायचा. बूच नीट बसला नाही तर वरच्या थरातलं पाणी खाली उतरतं आणि मोजमाप दोन थरांची सरमिसळ दाखवतं. पावसानंतर काही तासांतच चिकणमातीतल्या नळीतलं पाणी उडी मारून वर आलेलं दिसलं, तर आधी बूच गळतो का ते पाहा.

मोजताना नळीच्या तोंडापासून पाण्यापर्यंतचं अंतर मिळतं, जमिनीपासूनचं नाही. नळी जमिनीच्या ०.४० मीटर वर असेल आणि डिपमीटर १.४० दाखवत असेल, तर पाणी जमिनीखाली १.०० मीटरवर आहे. ही वजाबाकी विसरली तर पाणी ४० सेंटिमीटर खाली धरलं जातं. आपल्या वाळूत त्याने प्रभावी ताण २.७ किलोपास्कल जास्त येतो, तोही धोक्याच्या बाजूला.

रिकामं तळघर

आता हेच तत्त्व बांधकामावर लावू. बाहेरून १० × १० मीटरचं तळघर आहे, तळाच्या स्लॅबची खालची बाजू जमिनीखाली ३ मीटरवर, स्लॅबची जाडी ०.५ मीटर. काँक्रीटचा एकक भार २५ धरला तर स्लॅब खालच्या वाळूवर १२.५ किलोपास्कल ताण देतो. बांधकाम चालू असताना पंप लावून पाणी ५ मीटर खोलीवर ठेवलं आहे, त्यामुळे स्लॅबखाली u शून्य आणि सगळेच्या सगळे १२.५ कणांवर.

पंप बंद झाले आणि पाणी पूर्वीच्या १ मीटर पातळीवर परतलं. स्लॅबखाली u = २ × ९.८१ = १९.६२. वजाबाकी करा: १२.५ − १९.६२ = उणे ७.१२. वाळूचे कण एकमेकांना ओढून धरू शकत नाहीत, त्यामुळे ऋण प्रभावी ताण वाळूत टिकत नाही. असं उत्तर आलं म्हणजे स्लॅब कणांवरून उचलला जाणार. नुसत्या स्लॅबच्या बाबतीत तोल नेमका कुठे जातो, तेही यातून निघतं: १२.५ भागिले ९.८१, म्हणजे स्लॅबच्या तळापासून १.२७ मीटर. पाणी जमिनीखाली १.७३ मीटरच्या वर आलं की स्लॅब तरंगतो.

भिंती उभ्या राहिल्यावर चित्र थोडं सुधारतं. ०.३ मीटर जाड आणि २.५ मीटर उंच भिंती चारही बाजूंनी धरल्या तर त्यांचं वजन सुमारे ७२८ किलोन्यूटन, आणि स्लॅबचं १२५०. एकूण १९७८. पाण्याचा वर उचलणारा रेटा १९.६२ × १००, म्हणजे १९६२ किलोन्यूटन. कागदावर तोल साधला, पण गुणोत्तर फक्त १.०१ आहे. अशा तपासणीत वजन या रेट्याच्या निदान १.१ ते १.२ पट असावं अशी अपेक्षा असते. नेमका आकडा लागू असलेल्या संहितेतून घ्यावा. १.२ साठी २३५४ किलोन्यूटन लागतील, म्हणजे अजून ३७६ कमी आहेत. वरच्या मजल्याचा स्लॅब पडून तेवढं वजन येईपर्यंत पंप चालूच ठेवायचे, आणि वीज गेली तर चालवायला जनरेटर जोडून ठेवायचा. तेही शक्य नसेल तर तळघरात मुद्दाम पाणी भरायचं. आत १ मीटर पाणी भरलं तर सुमारे ८७० किलोन्यूटन वजन मिळतं, आणि बाहेरचं पाणी चढण्याआधी ते भरून झालेलं असलं पाहिजे.